एकट्याने बोलायचा सराव: शॅडोइंग आणि स्वतःचं रेकॉर्डिंग नेमकं कसं करायचं

इंग्रजी वाचता येतं, ऑफिसचा मेल लिहिता येतो, समोरचा बोलला तर बहुतेक सगळं कळतंही. पण उत्तर द्यायची वेळ आली की तोंडातून अर्धं वाक्य निघतं आणि तिथेच अडतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते, आणि पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "घरात इंग्रजी बोलणारं कोणी नाही, मग सराव करू कोणाबरोबर?"

बोलताना डोक्यात एका वेळी बरीच कामं चाललेली असतात. काय सांगायचं ते ठरवायचं, त्यासाठी शब्द शोधायचे, ते वाक्यात बसवायचे आणि मग जीभ, ओठ, श्वास हलवून ते बाहेर काढायचे. मातृभाषेत शेवटची दोन-तीन कामं आपोआप होतात, त्यामुळे सगळं लक्ष "काय सांगायचं" याकडे राहतं. परक्या भाषेत प्रत्येक कामाला लक्ष लागतं आणि ते पुरत नाही. मग जीभ थांबते. शॅडोइंगने, म्हणजे ऐकू येणाऱ्या बोलण्यामागोमाग बोलत गेल्याने, यातलं शेवटचं काम हलकं होतं, म्हणजे शब्दांचे गट न अडखळता तोंडातून बाहेर पडणं. पहिली कामं त्याने होत नाहीत. हा फरक नीट कळला नाही तर माणूस महिनोन्महिने दुसऱ्याचा आवाज गिरवत राहतो आणि स्वतःचं एक वाक्य बोलायची वेळ आली की पुन्हा गप्प होतो.

शॅडोइंग म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बोलण्याची क्लिप चालू ठेवून, न थांबवता, अर्धा-एक सेकंद मागे राहून तेच मोठ्याने बोलत जाणं. कीर्तनात बुवांची ओळ पुरती संपायच्या आत टाळकरी चाल उचलतात, तसंच. शाळेत "माझ्यामागे म्हणा" करायचो त्यापेक्षा हे वेगळं आहे. तिथे वाक्य संपायचं, मग मधली मोकळी जागा मिळायची आणि त्या जागेत आपण वाक्य आठवून, आपल्या सवयीच्या चालीत म्हणायचो. शॅडोइंगमध्ये ती मोकळी जागाच नसते. आपली चाल वापरायला वेळ मिळत नाही, म्हणून बोलणाऱ्याची चाल घ्यावी लागते.

ही पद्धत मुळात भाषेच्या वर्गातली नाही. 1953 मध्ये कॉलिन चेरी या संशोधकाने लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळी बोलणी ऐकवली आणि एकच बोलणं मागोमाग म्हणायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं बोलणं त्यांना जवळजवळ काहीच सांगता येईना. पुढे 1973 मध्ये विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी दाखवलं की काही माणसं आपल्या मातृभाषेतलं बोलणं अवघ्या पाव सेकंदाच्या अंतराने म्हणू शकतात, आणि तसं म्हणतानाही त्यांना अर्थ कळत असतो. एकीकडे भाषण ऐकत दुसरीकडे त्याचं भाषांतर बोलणाऱ्या दुभाष्यांच्या शिक्षणातही हा व्यायाम वापरला जातो. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तो मोठ्या प्रमाणावर रुजला. अलेक्झांडर आर्गेयेस या भाषातज्ज्ञांनी ताठ चालत, मोकळ्या हवेत, मोठ्या आवाजात शॅडोइंग करायची पद्धत लोकांपुढे मांडली. घरबसल्या एकट्याने शिकणारे बरेच जण या पद्धतीकडे त्यांच्यामुळेच वळले.

चेरी यांच्या प्रयोगात आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. एक बोलणं मागोमाग म्हणताना लक्ष सगळं तिकडेच असतं, बाकी काही नोंदलं जात नाही. आणि त्या "बाकी"त आपला स्वतःचा आवाजही येतो. कानात बोलणाऱ्याचा स्पष्ट आवाज वाजत असतो, तोंड त्याच्या मागे धावत असतं, आणि आपल्याला वाटतं की आपणही तसंच बोलतोय. प्रत्यक्षात मधले तीन शब्द गिळले गेलेले असतात. म्हणून माझं मत ठाम आहे: स्वतःचं रेकॉर्डिंग कधीच न करता शॅडोइंग करत राहू नये. त्यातून आपण छान बोलतोय असा समज तेवढा पक्का होतो.

आधी कुठला आवाज घ्यायचा ते पाहू. तुकडा तीस ते पंचेचाळीस सेकंदांचा असावा, त्याहून मोठा नको. पाच मिनिटांची अख्खी क्लिप घेऊन बसणारे तिसऱ्या दिवशी कंटाळतात आणि सुधारणाही दिसत नाही, कारण एवढ्या लांबीत कुठे काय चुकलं ते शोधणं अवघड जातं. बोलणारा एकच असावा, निदान त्या तुकड्यापुरता. त्याचा लिखित मजकूर मिळायला हवा, आणि तो वाचताना एखाद-दुसरा शब्द सोडला तर सगळं आधीपासून कळत असावं. नवे शब्द शिकायला ही जागा नाही. ज्याचा अर्थ लावायला डोकं चालवावं लागतं ते जीभ मागोमाग म्हणू शकत नाही.

वेगाबद्दल लोक गोंधळतात. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात. ऐकून समजायला त्या चांगल्या आहेत, पण शॅडोइंगला मी घेत नाही. सावकाश वाचताना माणूस प्रत्येक शब्द पुरा उच्चारतो, आणि बोलताना शब्द जसे एकमेकांत मिसळतात ते तिथे होत नाही. त्यापेक्षा साध्या गप्पांचा तुकडा घ्यावा. बीबीसीच्या '6 Minute English'सारख्या कार्यक्रमात दोघे जण साध्या भाषेत बोलतात आणि मजकूरही सोबत मिळतो. वेग फारच वाटला तर यूट्यूबवर Playback speed मध्ये जाऊन पहिले दोन दिवस 0.75 ठेवावा. नैसर्गिक बोलणं यंत्राने सावकाश केलं तर शब्दांचं मिसळणं तसंच राहतं, फक्त ताणलं जातं. बोलणारा ब्रिटिश किंवा अमेरिकनच हवा असंही नाही. स्पष्ट, सहज इंग्रजी बोलणारी एखादी भारतीय व्यक्ती आवडत असेल तर खुशाल तिचा आवाज घ्यावा. गोऱ्या माणसासारखा उच्चार करणं हा या सरावाचा हेतू नाही. समोरच्याला पहिल्यांदाच कळेल असं, न अडखळता बोलता यावं, एवढंच हवं.

आता उपकरणं, कारण बरेच जण इथेच अडतात. इयरफोन वायरचे घ्या आणि एकाच कानात लावा. दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा राहू द्या. ब्लूटूथचे इयरफोन दोन कारणांनी त्रास देतात. त्यांचा माइक सुरू झाला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीची होते आणि कानातला आवाज एकदम खरखरीत, दबका होतो. शिवाय आवाज पोहोचायला थोडा उशीर लागतो. एखाद्या ॲपमधून स्वतःचाच आवाज त्या उशिराने कानात परत येत असेल तर चांगला बोलणारासुद्धा अडखळतो. आपलंच बोलणं साधारण पाव सेकंद उशिरा ऐकू आलं की बोलणं विस्कटतं, हे 1950 च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून सिद्ध झालं आहे.

सगळ्यात सोपी मांडणी म्हणजे दोन यंत्रं. एकावर क्लिप वाजवायची, तिचा आवाज फक्त इयरफोनमध्ये. दुसऱ्या फोनच्या साध्या रेकॉर्डरवर आपलं बोलणं घ्यायचं. एकाच फोनवर दोन्ही करायला गेलं तर काही फोनवर रेकॉर्डर सुरू करताच क्लिप थांबते. घरात दुसरा फोन असतोच, दहा मिनिटांसाठी मागून घ्यावा. क्लिप इयरफोनमध्येच ठेवायची कारण रेकॉर्डिंगमध्ये फक्त आपला आवाज यायला हवा. दोन्ही आवाज मिसळले की आपण पुन्हा बोलणाऱ्याच्या आवाजाआड लपतो.

आवाज किती मोठा काढायचा? आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्न खरा आहे. आजी झोपलेली असते, टीव्ही चालू असतो, भाऊ बाजूला बसून अभ्यास करत असतो. मग लोक कुजबुजत सराव करतात. कुजबुजीचा उपयोग होत नाही, कारण त्यात स्वरतंतू कंप पावत नाहीत. "बॅट" आणि "पॅट" यांतला मोठा फरक पुसला जातो, आणि बोलण्यातला चढउतार तर पूर्ण नाहीसा होतो. हळू बोललात तरी चालेल, पण आवाज काढून बोला. गळ्यावर बोट ठेवून पाहा, थरथर जाणवली पाहिजे. गच्ची, जिना, उभी केलेली गाडी, जिथे जागा मिळेल तिथे जा. खूप गोंगाटात मात्र सराव नको. गोंगाटात माणूस नकळत ओरडून बोलायला लागतो आणि दहा मिनिटांत घसा बसतो.

रोजचा क्रम असा. पहिल्या दिवशी क्लिप दोन-तीनदा फक्त ऐकायची, मग मजकूर समोर ठेवून ऐकायची आणि बोलणारा जिथे थांबतो तिथे पेन्सिलने तिरकी रेघ मारायची. यात घाई करू नका. पुढचं सगळं काम या रेघांवर चालतं. त्यानंतर मजकूर बघत चार-पाच वेळा शॅडोइंग. दुसऱ्या दिवसापासून मजकूर उलटा ठेवायचा. हे महत्त्वाचं आहे, कारण डोळ्यांसमोर अक्षरं असली की आपण ऐकलेलं म्हणत नाही, वाचतो. आणि वाचताना शाळेतले जुने उच्चार परत येतात. सुरुवातीला शब्द निसटतील. निसटलेला शब्द सोडून द्यायचा आणि पुढचा गट पकडायचा. थांबून मागे गेलं की ते शॅडोइंग राहत नाही. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरेत, आणि एक तुकडा साधारण आठवडाभर.

रेकॉर्डिंग रोज करायची गरज नाही. पहिल्या दिवशी एकदा, आठवड्याच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा. रोज ऐकलं की फरक दिसत नाही आणि मन खट्टू होतं.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की बहुतेकांना तो नकोसा वाटतो: पातळ, चिरका, दुसऱ्याच कुणाचा तरी. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानाकडे येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही आत पोहोचतो, आणि त्या वाटेने जाड, खालचे सूर जास्त येतात. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून गेलेला आवाज असतो. बाकीचं जग आपल्याला रोज तोच आवाज ऐकतं. दोन-चार वेळा ऐकला की परकेपणा जातो.

खरा प्रश्न असतो काय ऐकायचं हा. सगळं एकदम ऐकलं तर "वाईट आहे" एवढाच निष्कर्ष निघतो. एका वेळी एकच गोष्ट ऐका. माझा क्रम ठरलेला आहे: आधी थांबे, मग गिळलेले शेवट, मग जोर. उच्चार सर्वांत शेवटी. एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ.

माझा मावसभाऊ बार्शीला असतो. बी.एस्सी. झाला आहे, वाचन भरपूर, पण एका कंपनीची फोनवरची मुलाखत जवळ आली होती आणि फोनवर त्याचं इंग्रजी पार गडबडायचं. त्याने घेतलेल्या क्लिपमध्ये एक माणूस सहकाऱ्याला उशीर का झाला ते सांगत होता. त्यातलं एक वाक्य असं: "आय वॉज गोइंग टु कॉल यू, बट आय कुडन्ट फाइंड युअर नंबर, सो आय आस्क्ड अ फ्रेंड ऑफ माइन." साधं वाक्य, एकही नवा शब्द नाही. क्लिपमधला माणूस ते जेमतेम पाच सेकंदांत बोलतो आणि दोनच ठिकाणी किंचित थांबतो, "यू"नंतर आणि "नंबर"नंतर.

भावाच्या पहिल्या रेकॉर्डिंगवरून आम्ही त्याच्या थांब्यांच्या रेघा लाल पेनाने मारल्या. कागदावर हे दिसलं: "आय वॉज / गोइंग टु / कॉल यू बट / आय कुडन्ट फाइंड युअर / नंबर / सो आय आस्क / अ फ्रेंड ऑफ / माइन." दोनाच्या जागी सात थांबे. तो कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "ताई, मला तर वाटलं मी सलग बोललो."

त्या लाल रेघांकडे नीट पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, थांबे चुकीच्या जागी आहेत. "बट" आधीच्या गटाला चिकटला आणि त्याच्यानंतर थांबा आला. "युअर" आणि "नंबर" तुटले. चांगलं बोलणारेही थांबतात, मातृभाषेतही थांबतात, पण एक मुद्दा संपला की थांबतात. शिकणारा गटाच्या पोटात थांबतो. ऐकणाऱ्याला त्रास होतो तो अशा थांब्यांचा. थांब्यांची संख्या त्याला एवढी जाणवत नाही. दुसरी गोष्ट, "आस्क्ड"चं "आस्क" झालं. भावाला भूतकाळ येत नाही असं मुळीच नाही, लेखी परीक्षेत तो ही चूक कधी करणार नाही. शेवटी तीन व्यंजनं एकत्र आली आणि जीभ तिथून घसरली. पण फोनवर ऐकणाऱ्याला ते व्याकरणाची चूक म्हणूनच ऐकू येणार.

यावर उपाय म्हणून आम्ही वाक्य शेवटाकडून बांधत आणलं. आधी फक्त "माइन". मग "अव्ह माइन". मग "फ्रेंडव्ह माइन". मग "अ फ्रेंडव्ह माइन". मग "आस्क्-ट-अ फ्रेंडव्ह माइन". शेवटाकडून बांधलं की प्रत्येक वेळी आपण नव्या भागाकडून पाठ झालेल्या भागाकडे जातो, त्यामुळे वाक्याचा शेवट ढासळत नाही. सुरुवातीकडून बांधलं तर पहिले चार शब्द पंचवीस वेळा म्हटले जातात आणि शेवटचे चार दोनदाच. बोलण्यात "आस्क्ड"मधला शेवटचा आवाज "ट"सारखा असतो आणि तो पुढच्या "अ"वर जाऊन बसतो. "आस्क-टअ" असं तोडलं की तीन व्यंजनांची गर्दी सुटते आणि भूतकाळही ऐकू येतो. भावाला हे पाच मिनिटांत जमलं.

मग जोर. मराठीत आपण वाक्यातल्या प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच वेळ देतो. इंग्रजीत काही अक्षरं ताणली जातात आणि मधली बारकी आक्रसतात. या वाक्यात एकोणीस शब्द आहेत, पण जोर मोजक्यांवरच: कॉल, कुडन्ट, फाइंड, नंबर, आस्क्ड, फ्रेंड, माइन. बाकीचे हलके होतात. "टु"चं नुसतं "ट" होतं, "ऑफ"चं "अव्ह", "वॉज"चं "वझ". बार्शीतल्या मुलाने हे हुबेहूब करावं असा माझा आग्रह नव्हता. भारतीय इंग्रजी सगळे शब्द थोडे पुरे उच्चारते आणि तरी छान समजते. पण हलके शब्द हलके केले की वाक्य आपोआप गटांत बांधलं जातं आणि श्वास पुरतो. म्हणून जोराच्या सात शब्दांवर टेबलावर बोट आपटायचं आणि बाकीचे मधल्या जागेत बसवायचे, एवढंच त्याला सांगितलं. आठवड्याच्या शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये थांबे तीन राहिले. तिसरा "बट"नंतरचाच. ती सवय आपल्याकडे फार जणांना असते आणि ती जायला वेळ लागतो.

शॅडोइंगच्या मर्यादा इथे सांगायला हव्यात. पहिली मर्यादा कानाची. जो फरक कानालाच ऐकू येत नाही तो शंभर वेळा मागोमाग म्हटला तरी जिभेवर येत नाही. मराठी माणसाला "वेस्ट" म्हणजे पश्चिम आणि "व्हेस्ट" म्हणजे बनियन, हे इंग्रजीतले दोन वेगळे आवाज बोलण्याच्या ओघात एकच वाटतात. आपला "व" या दोघांच्या मधला आहे. इथे क्लिप बाजूला ठेवून आरसा घ्यावा लागतो. पहिल्यात ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल होतात आणि दात लागत नाहीत. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि ओठ झिणझिणतो. ओठांना फरक कळला की हळूहळू कानालाही कळतो. मग शॅडोइंगकडे परत यावं.

दुसरी मर्यादा मोठी आहे. शॅडोइंगमध्ये वाक्यं दुसऱ्याची असतात. काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, हे काम बोलणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. म्हणून आठवड्याच्या दुसऱ्या भागात रेकॉर्डर वेगळ्या कामाला लावायचा. क्लिप आणि मजकूर दोन्ही बाजूला ठेवून तोच विषय स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या आयुष्यातला घालून बोलायचा. भावाने "मला एकदा उशीर का झाला" हा विषय घेतला: बार्शीहून सोलापूरला जाताना एसटी बंद पडली ती गोष्ट.

यासाठी एक जुना व्यायाम फार उपयोगी पडतो. किथ मॉरिस यांनी 1983 मध्ये तो वर्गासाठी मांडला आणि पॉल नेशन यांच्या लिखाणामुळे तो भाषेच्या शिक्षकांमध्ये पसरला. एकच गोष्ट तीन वेगळ्या श्रोत्यांना सांगायची: पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. वेळ कमी होत जातो, मजकूर तोच राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काय सांगायचं याचा विचार करावा लागत नाही, शब्द नुकतेच सापडलेले असतात, आणि मोकळं झालेलं लक्ष ओघाकडे जातं. एकट्याने करताना श्रोत्याच्या जागी रेकॉर्डर असतो. नवशिक्याला चार मिनिटं फार होतात. तीन, दोन आणि दीड मिनिटांपासून सुरुवात करावी. तिन्ही वेळा फोनवर टायमर लावायचा आणि मध्ये काही झालं तरी रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. चुकलं म्हणून बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सवय लागली की पहिली दोन वाक्यं अप्रतिम होतात आणि बाकीची कधी बोललीच जात नाहीत.

ऐकताना इथेही एकच गोष्ट शोधायची: मी नेमका कुठे अडलो? भावाच्या पहिल्या सांगण्यात तो "एसटी बंद पडली"पाशी तब्बल सहा सेकंद थांबला. इंग्रजीत बंद पडण्याला काय म्हणतात ते त्याला माहीत होतं, पण वेळेवर सुचलं नाही. "ब्रोक डाउन" हे वहीत लिहिलं, एकटं नाही तर अख्ख्या गटासकट: "द बस ब्रोक डाउन ऑन द वे." दुसऱ्या सांगण्यात ते बरोबर आलं आणि थांबा दुसरीकडे सरकला. अशा अडलेल्या जागांची वही हा या सरावातून हाती लागणारा सर्वांत मोलाचा माल आहे. आपल्याला नेमकं काय हवंय ते कुठलंही पुस्तक इतकं अचूक सांगू शकत नाही. पण एका वेळी तीनच जागा लिहाव्यात. वीस लिहिल्या तर एकही परत वापरली जात नाही.

चौथ्या-पाचव्या वेळी मात्र थांबा. त्याच्यापुढे गोष्ट पाठ होते, आणि पाठ झालेलं बोलणं ऐकताना लगेच कळतं. आवाज सपाट होतो आणि थांबे श्वास संपेल तिथे पडायला लागतात.

तुकडा कधी बदलायचा, तेही रेकॉर्डिंगच सांगतं. शेवटच्या रेकॉर्डिंगच्या शेजारी मूळ क्लिप लावा, एक वाक्य तिचं, एक आपलं. थांबे बहुतेक जुळत असतील, शब्दांचे शेवट ऐकू येत असतील, तर पुढे जा. हुबेहूब होईपर्यंत थांबू नका. फाइलला तारीख आणि विषयाचं नाव द्या आणि ती पुसू नका. आठवड्याभरात जो फरक कानाला पकडता येत नाही तो दोन-तीन महिन्यांच्या फाइली एकापाठोपाठ ऐकल्या की स्पष्ट ऐकू येतो.

एक गोष्ट एकट्याने पुरती होत नाही, ती म्हणजे अनपेक्षित प्रश्नाला उत्तर देणं. संभाषणात पुढचा प्रश्न काय येईल ते माहीत नसतं, आणि उत्तराला एक-दोन सेकंदच मिळतात. यावर भावाने केलेला उपाय मी आता सगळ्यांना सांगते. मुलाखतीत येऊ शकतील असे पंधरा-वीस प्रश्न त्याने स्वतःच्याच आवाजात एकेक वेगळ्या फाइलमध्ये रेकॉर्ड केले आणि आठ दिवस त्यांना हात लावला नाही. मग ते फोनच्या म्युझिक प्लेअरवर शफल करून लावले, प्रत्येक प्रश्न संपला की प्लेअर थांबवला आणि पाच सेकंदांत तोंड उघडायचं असा नियम केला. दुसऱ्या फोनवर उत्तरं रेकॉर्ड होत होती. काही प्रश्नांना तो दोन वाक्यांपुढे गेला नाही. त्या प्रश्नांचे विषय पुढच्या आठवड्यांच्या क्लिप निवडताना वापरले.